गाडीतलं वायफाय: दीड जीबी साताऱ्याच्या आधीच संपतं. जातं कुठे?

अनुजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. धाग्याचं नाव वाचून हसू नका, खरंच वैतागले आहे.

आमच्या गाडीत साधा स्टिरिओ आहे, नेटबिट काही नाही. दिराने त्याचं जुनं फोरजी डोंगल दिलं, तेच बॅटरीवालं पांढरं, मुठीत मावणारं. त्यात घरात पडून असलेलं एक सिम घातलं आणि रोज दीड जीबीचं रिचार्ज मारलं. मागच्या शनिवारी पहाटे साडेपाचला गुहागरला निघालो. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मुलांना दोघांत मिळून एक टॅब. खंबाटकी उतरेपर्यंत सगळं झकास. साताऱ्याच्या अलीकडे टॅबवर नुसतं चक्र फिरायला लागलं. मला वाटलं रेंज गेली, पण डोंगलवर दांड्या पूर्ण. उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा कळलं की दिवसाचा डेटा संपलाय. सकाळी आठच्या आत!

मुलांनी व्हिडिओ पाहिला तो फार तर पाऊण तास. बाकी कोणी काही पाहिलं नाही. सासूबाई झोपल्या होत्या, मी रस्ता बघत होते, नवरा गाडी चालवत होता. मग दीड जीबी खाल्लं कोणी? आणि पुढच्या वेळी कसं आवरायचं? मोठं रिचार्ज मारा हे उत्तर नको, ते नवऱ्याने आधीच दिलंय.

टायरपंक्चर

फोनचा हॉटस्पॉट लावा. विषय संपला. हाकानाका.

खडूस_आजोबा

आमच्या वेळी गाडीत गाण्याच्या भेंड्या असत. डेटा शून्य. 'ण' आला की नेटवर्क जायचं तेवढंच.

पमाकाकू

अनुजा, आमच्याकडेही हाच प्रॉब्लेम होता गं. राउटर हॉलमध्ये आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, त्यामुळे गाडीत रेंजच येत नव्हती. मग मुलाने मधल्या जिन्यात एक एक्स्टेंडर बसवला. आता गाडीत बसल्या बसल्या मस्त वायफाय मिळतं. तुम्ही कितव्या मजल्यावर?

अनुजा_कोथरूड

काकू, घरचं वायफाय साताऱ्यापर्यंत पोचवायला किती एक्स्टेंडर लागतील ते मुलाला विचारून सांगा ;-) (दिवे घ्या हं.)

टायरपंक्चर, फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला होता. नवऱ्याचा फोन तापतो, नकाशाही त्याच्यावरच चालू असतो आणि मध्येच ऑफिसचा फोन येतो. म्हणून तर वेगळं डोंगल.

चक्रधर

सोपं आहे. डोंगलच्या पानावर जा, तिथे वेगाची मर्यादा टाकायची सोय असते. १ एमबीपीएस करून टाका. वेग कमी झाला की डेटा कमी जातो, साधं गणित आहे. मी ऑफिसच्या गाडीत हेच केलंय.

वायरमन

चक्रधर, गणित करूनच बघू. १ एमबीपीएस म्हणजे तासाला ४५० एमबी. नळ बारीक केला तरी तो सलग वाहिला तर दीड जीबी सव्वातीन तासांत संपतं. म्हणजे अनुजाताईंचं नेट साताऱ्याऐवजी पाटणला गेलं असतं. गुहागर लांबच.

तुमचा मुद्दा व्हिडिओपुरता बरोबर आहे. वेग कमी मिळाला की व्हिडिओ आपोआप खालच्या दर्जावर येतो आणि खरंच डेटा वाचतो. पण मागच्या दाराने जे जातं, म्हणजे फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, त्यांना घाई नसते. ते बारीक नळाखालीही तासन् तास शांतपणे बादली लावून बसतात. शिवाय मर्यादा सगळ्यांत मिळून असेल तर बॅकअपच्या रेट्यात मुलांचा व्हिडिओ अडकेल आणि तुम्हाला वाटेल रेंज नाही.

अनुजाताई, अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. तीन गोष्टी सांगा.

एक, डोंगलच्या पानावर (ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`, डोंगलच्या मागे छापलेलं असतं) किती यंत्रं जोडलेली दिसतात?

दोन, त्या दिवशी गाडीत असलेल्या प्रत्येक अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये मोबाईल डेटाचा नव्हे, वायफायचा वापर बघा. ॲपवार आकडे आणि तारखा येतात. असली डोंगलं बहुधा फक्त एकूण बेरीज दाखवतात, कोणी किती खाल्लं ते सांगत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या ताटात डोकवावं लागेल.

तीन, डोंगलच्या वायफायचं नाव काय ठेवलंय?

खडूस_आजोबा

नावात काय आहे असं कोणीतरी म्हणून गेलंय.

घाटरस्ता

मी ट्रॅव्हल्स चालवतो, पुणे ते मुंबई एअरपोर्ट. गाडीत गेली तीन वर्षं वायफाय आहे, म्हणून थोडं सांगतो.

पहिल्या महिन्यात माझीबी हीच गत. दोन फेऱ्यांत डेटा साफ. कस्टमर बसला की पासवर्ड मागणार, आणि एकदा दिला की त्याचा फोन तो जन्मभर लक्षात ठेवणार. एक साहेब आठवड्यातून दोनदा माझ्या गाडीत. नंतर लक्षात आलं, ते दुसऱ्याच्या गाडीतनं जात असले तरी फूड मॉलला माझी गाडी शेजारी लागली की त्यांचा फोन माझ्याच डोंगलला चिकटतोय. त्यांना पत्ता पण नाही बिचाऱ्यांना.

आता मी दोन गोष्टी करतो. डोंगलमध्ये एका वेळी किती जण जोडता येतील तो आकडा असतो, तो दहाचा तीन केला. आणि दर सोमवारी पासवर्ड बदलतो. चिठ्ठी सीटच्या मागे लावलीय. एवढ्यावर भागतंय.

एक अजून. सिम आपल्या नावावर असतं. कोणी त्यावरनं काय उद्योग केला तर पोलीस आपल्या दारात. म्हणून पासवर्ड नसलेलं उघडं वायफाय कधी ठेवू नका.

अनुजा_कोथरूड

वायरमन, बसून सगळं पाहिलं. धक्काच बसला. लिहून काढते.

जोडलेली यंत्रं सहा! नवऱ्याचा फोन, माझा फोन, सासूबाईंचा फोन, टॅब, नवऱ्याचा लॅपटॉप (डिकीत बॅगेत, पण झाकण नुसतं मिटलेलं, बंद नव्हता) आणि एक अनोळखी नाव. ते शोधलं तर थोरल्याचं जुनं मोबाईल निघालं, तो त्यावर गेम खेळतो. बॅगेत लपवून आणलं होतं. तो वेगळा धागा होईल.

त्या शनिवारचे आकडे. नवऱ्याच्या फोनवर Google Photos ७८० एमबी. टॅबवर यूट्यूब ४१०. सासूबाईंचं व्हॉट्सॲप १४०, सगळे सुप्रभातवाले आणि कोणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ. त्यांनी एकही उघडलेला नाही, आपोआप उतरलेत. माझ्या फोनवर Play Store १२०. चिल्लर सोडली तर इथेच जवळपास दीड जीबी झाले. लॅपटॉपचं पाहायचं राहिलं.

नवऱ्याच्या फोनचं कोडं उलगडलं. आदल्या रात्री भाचीच्या वाढदिवसाचं ढीगभर शूटिंग केलं होतं. ते रात्री चढायचं राहिलं, कारण फोन चार्जिंगला लावला नव्हता. सकाळी गाडीत चार्जरला लावला.

आणि डोंगलचं नाव... इथे मी गाढवपणा केलाय असं वाटतंय. घरच्या वायफायचं जे नाव आणि जो पासवर्ड, तेच डोंगलला दिलं. म्हटलं सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातील, सासूबाईंना पासवर्ड सांगत बसायला नको.

वायरमन

हाच चोर.

फोनला रस्ता दिसत नाही. त्याला दिसलं काय, तर ओळखीच्या नावाचं वायफाय आणि चार्जरची वायर. त्याच्या लेखी तुम्ही रात्री घरी येऊन झोपलात. बॅकअप आणि अपडेट त्या घटकेची वाटच बघत असतात. 'फक्त वायफायवर' असं आपण जे निर्धास्तपणे निवडून ठेवतो ना, ते गाडीत उलटं अंगावर येतं. डोंगलच्या मागे मोजून मिळणारं सिम आहे हे फोनला कोण सांगणार?

तुम्हीच सांगायचं. पण क्रम महत्त्वाचा आहे.

आधी डोंगलचं नाव बदला. घराशी अजिबात साधर्म्य नको. नाव तेच ठेवून पुढची सेटिंग केलीत तर ती घरच्या वायफायलाही लागेल, कारण फोन दोन्हींना एकच समजतो. मग घरीही बॅकअप थांबतील आणि महिन्याभराने फोन हरवला की रडारड.

मग प्रत्येक अँड्रॉइडवर त्या नव्या नावाला जोडून, नावाशेजारच्या चाकावर जाऊन `Network usage` मध्ये `Treat as metered` निवडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात, metered हा शब्द शोधा. लॅपटॉप विंडोजचा असेल तर त्या वायफायच्या पानावर `Metered connection` चालू करा. आयफोन असेल तर नावाशेजारच्या i मध्ये `Low Data Mode`. एकदाच करायचं, त्या नावापुरतं लक्षात राहतं.

एवढं केलं की Play Store चे आपोआप होणारे अपडेट थांबतात. फोटोंच्या ॲपमध्ये जाऊन मोबाईल डेटावर बॅकअप बंद आहे ना तेही बघून घ्या. सासूबाईंच्या व्हॉट्सॲपमध्ये वायफायवर आपोआप उतरणाऱ्या गोष्टींच्या यादीतून व्हिडिओ काढा. त्याने घरीही फोनची जागा वाचेल.

जाता जाता एक प्रश्न. डोंगल चार्ज कुठे करता?

अनुजा_कोथरूड

घरी. हॉलमध्ये टीव्हीशेजारी... अगं बाई! म्हणजे घरी चार्जिंगला असतानाही फोन त्यालाच जोडले जात असणार? मंगळवारी नेट कूर्मगतीने चालत होतं म्हणून मी घरच्या नेटवाल्याला फोन करून झापलं होतं.

वायरमन

त्याची माफी मागा :) एकाच नावाची दोन वायफाय असली की ज्याचा सिग्नल जोरात दिसतो तिकडे फोन सरकतो. टीव्हीशेजारचं डोंगल जिंकलं असणार.

टायरपंक्चर

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, फोनचा हॉटस्पॉट. कोणी ऐकत नाही गरिबाचं.

वायरमन

टायरपंक्चर, गंमत अशी की तुमचं बरोबर आहे, फक्त कारण तुम्ही सांगितलं नाहीत.

अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट जेव्हा दुसऱ्या अँड्रॉइडला पत्ता देतो, तेव्हा सोबत कानात एक शब्दही सांगतो: `ANDROID_METERED`. समोरचा फोन तो ऐकतो आणि स्वतःहूनच जपून वागतो. नवऱ्याच्या हॉटस्पॉटवर टॅब आपोआप काटकसरीत जातो तो यामुळे. बाजारातलं साधं डोंगल हा शब्द सांगत नाही. ते स्वतःला घरच्या राउटरसारखंच पेश करतं.

माझ्या गाडीत ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारा छोटा राउटर आहे, त्यात मी `/etc/dnsmasq.conf` मध्ये एक ओळ घातलीय:

```
dhcp-option-force=43,ANDROID_METERED
```

सेवा पुन्हा सुरू केली, फोन तोडून परत जोडले. आता गाडीत कोणाचाही अँड्रॉइड आला तरी त्याच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. घाटरस्ता, तुमच्यासारख्यांना हे सगळ्यात उपयोगी, कस्टमरच्या फोनमध्ये तर आपण शिरू शकत नाही. मात्र कंपनीच्या बंद डोंगलमध्ये ही ओळ घालता येत नाही, आणि आयफोनला या शब्दाशी देणंघेणं नाही.

टायरपंक्चर

बघा! मला आतून माहीतच होतं.

खडूस_आजोबा

आतून म्हणजे ट्यूबमधून का?

चक्रधर

वायरमन, मान्य. पण माझा मुद्दा पूर्ण सोडू नका. यूट्यूबला तुमच्या त्या metered ने काही फरक पडतो का? माझ्या टॅबवर तसं करूनही यूट्यूब १०८० वरच चालत होतं.

वायरमन

बरोबर पकडलंत. आपोआप दर्जा उतरेल या भरवशावर मी राहत नाही. माझ्या एका फोनवर उतरला, दुसऱ्यावर नाही, आणि का ते मला सापडलेलं नाही. यूट्यूबमध्ये वायफायसाठी आणि मोबाईल नेटसाठी दर्जाची सेटिंग वेगवेगळी असते. गाडीत जाणाऱ्या टॅबवर मी वायफायचीच कमी ठेवतो. सात-आठ इंची पडद्यावर मागच्या सीटवरून ४८० आणि १०८० यात मुलांना काडीचा फरक कळत नाही, डेटात मात्र तिप्पट-चौपट फरक पडतो. नेटफ्लिक्सचंही तसंच. ॲपमधली मोबाईल डेटाची काटकसर वायफायवर लागू होत नाही, आणि ॲपच्या लेखी डोंगल म्हणजे वायफायच. तिथे आदल्या रात्री उतरवून ठेवणं हाच सरळ मार्ग.

आणि हो, फक्त टॅबला वेगाची मर्यादा घालता येत असेल तर तुमचा १ एमबीपीएसचा उपाय इथे चपखल बसतो. अडचण इतकीच की बहुतेक बॅटरीवाल्या डोंगलांत एकेका यंत्राला वेगळी मर्यादा घालता येत नाही.

चक्रधर

झालं तर मग. अर्धे मार्क द्या.

मिशिगनकर

इकडची गोष्ट. माझ्या जीएमच्या गाडीत हॉटस्पॉट कंपनीकडूनच बसवून येतो, त्यांनी फोरजी २०१४ पासूनच द्यायला सुरुवात केली. छतावर अँटेना असल्याने रेंज फोनपेक्षा बरी मिळते. पण दुखणं तेच! हिवाळ्यात सकाळी गाडी तापवायला दहा मिनिटं ड्राइव्हवेत चालू ठेवतो. तेवढ्यात घरातला मुलाचा टॅब गाडीच्या वायफायला जाऊन चिकटायचा आणि गेमचे अपडेट उतरवायचा. शेवटी टॅबमध्ये गाडीच्या नावाचं आपोआप जोडणं बंद केलं. गाडीत बसल्यावर हाताने जोडायचं, एक टिचकी.

सई_ना

धाग्यात घुसखोरी करते. आमच्या नव्या गाडीत कंपनीचं ई-सिम आहे, ॲपवरून एसी चालू होतो वगैरे. त्याचाच हॉटस्पॉट करता येणार नाही का? परत वेगळं सिम कशाला?

वायरमन

बहुधा नाही. भारतात ती यंत्रांसाठीची तेरा आकडी नंबरची सिमं असतात, आणि त्यांचा डेटा गाडी व कंपनीचा सर्व्हर यांच्यातल्या निरोपांपुरता असतो. तुमच्या गाडीच्या पडद्यावर वायफाय हॉटस्पॉट असं पान असेल आणि कंपनी त्याचं वेगळं पॅक विकत असेल तरच. शोरूमला तोंडी विचारू नका, तिथे सगळ्याला 'हो मॅडम' म्हणतात. पुस्तिकेत बघा.

डबा_भाजी

अनुजा, तुझ्या धाग्यामुळे प्रोत्साहन मिळून मीही कपाटातलं डोंगल काढलं. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. दांड्या पाच पैकी पाच, नेट शून्य. फोनमध्ये तेच सिम उत्तम चालतं. डोंगल मेलं का?

घाटरस्ता

डोंगल आधी कोणत्या कंपनीचं होतं? काही डोंगलं त्यांचंच सिम घेतात, दुसरं चालत नाही. पण तसं असलं तर पानावर सिम चालणार नाही असं काहीतरी येतं. दांड्या येत्यात म्हणजे APN बघा. जुन्या सिमचाच राहिला असेल.

डबा_भाजी

तेच होतं! आधी जिओचं होतं म्हणून तिथे `jionet` लिहिलेलं. एअरटेलचं `airtelgprs.com` टाकलं, बंद करून चालू केलं आणि धावलं. फोन हे आपोआप बदलतो म्हणून आपल्याला कधी कळतच नाही. धन्यवाद दादा.

आता पुढचं संकट. सिम कंपनीच्या ॲपमध्ये या नंबरने शिरायचंय, किती डेटा उरला ते बघायला. ओटीपी सिमवर जाणार, आणि सिम डोंगलमध्ये. दर वेळी काढून फोनमध्ये घालायचं का?

घाटरस्ता

नाय हो. डोंगलच्या पानावर SMS म्हणून भाग असतो, ओटीपी तिथे येतो. मला पण वर्षभर माहीत नव्हतं. उघडलं तर आत ढीगभर मेसेज. अर्धा डेटा संपला, नव्वद टक्के संपला, पूर्ण संपला, रोजचे तीन. कंपनी बिचारी ओरडून सांगत होती, ऐकायला कोणी नव्हतं.

अनुजा_कोथरूड

आत्ता जाऊन उघडलं. शनिवारी सकाळी ६:३५ ला अर्धा संपल्याचा मेसेज आहे! म्हणजे खंबाटकीत आम्ही झकास म्हणत होतो तेव्हाच अर्धा गेला होता. इनबॉक्स भरून वाहतोय. जुने पुसले नाहीत तर नवीन ओटीपी येणार नाही ना?

वायरमन

नाही येणार. सिमची आणि डोंगलची मेसेजची जागा तुटपुंजी असते. पुसून टाका.

बागेश्री_नाही

एक सावधगिरीची गोष्ट, कारण आमच्याकडे घडलीय. डोंगल डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवलं तर रेंज चांगली येते म्हणून आम्ही तिथेच चिकटवलं. मे महिन्यात सोलापूरला लग्नाला गेलो, गाडी दिवसभर उन्हात. संध्याकाळी पाहिलं तर डोंगलचं मागचं झाकण उचललं गेलेलं आणि आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली. नशीब, नुसती फुगली. आता गाडीतून उतरताना डोंगल पर्समध्ये.

वायरमन

योग्य केलंत. फुगलेली बॅटरी दाबून परत बसवायची नाही, टोचायची नाही. काही डोंगलं बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालतात, उन्हाळ्यात तो पर्याय चांगला. पण सगळी चालत नाहीत. आणि वायरवर चालवलं की गाडी स्टार्ट मारताना सॉकेटचा करंट क्षणभर जातो आणि डोंगल पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल तर दर चौकात हा तमाशा होऊ शकतो.

पमाकाकू

आत्ता कळलं मला धागा कशाबद्दल आहे. मुलगा हसतोय. पण अनुजा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलांना घाटात टॅब देऊच नये गं. कुंभार्ली घाटात खाली बघत बसली की उलट्या ठरलेल्या. आल्याच्या वड्या ठेव बरोबर.

अनुजा_कोथरूड

काकू, कोयनानगरच्या पुढे रेंजच नव्हती, त्यामुळे आपोआप टॅब बंद आणि उलट्याही नाहीत. वडी मात्र मला लागली.

सह्याद्रीचा_पोर

विरोधी मत मांडतो. महिन्यातून एकदा कोकणात जाणाऱ्याने वेगळं सिम बाळगणं हा तोटाच. सिम अट्ठावीस दिवस जिवंत ठेवायला पूर्ण रिचार्ज, वापर दोन दिवस. रोजचा कोटा रात्री बाराला मावळतो, उरलेला उद्याला मिळत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या फोनवर त्या दिवसापुरतं जादा डेटाचं पॅक मारा आणि हॉटस्पॉट लावा. आणि अमर्याद फाइव्हजीच्या जाहिराती बघून फोरजी डोंगलमध्ये सिम घालणारे भेटलेत मला. डोंगल फोरजी असेल तर रोजच्या कोट्यातलंच जाणार, फाइव्हजीचा काही संबंध नाही.

घाटरस्ता

आमच्यासारख्या रोज धावणाऱ्याला सिम परवडतं. घरच्या गाडीला तुमचं म्हणणं पटतंय.

अनुजा_कोथरूड

सह्याद्रीचा_पोर, हिशोब पटतो. पण फोन तापण्याचं काय? नवरा ऐकायला तयार नाही. त्याला म्हटलं नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेव, तर म्हणतो वाहतूक कुठे कोंडलीय ते मग कसं कळणार.

सह्याद्रीचा_पोर

हॉटस्पॉट तुमच्या फोनवर लावा ना ताई. तुम्ही रस्ताच तर बघत असता.

अनुजा_कोथरूड

...हे सुचलंच नव्हतं.

अनुजा_कोथरूड

दोन आठवड्यांनी आले. रिचार्ज संपायचं होतं म्हणून डोंगलवरच शेवटची फेरी केली, परत गुहागर. वृत्तांत देते.

डोंगलचं नाव बदललं. तीन फोन, टॅब आणि लॅपटॉप वायरमन म्हणाले तसे metered केले. लॅपटॉप या वेळी पूर्ण बंद करून नेला. थोरल्याचं जुनं मोबाईल घरी, कपाटात, कुलपात. टॅबवर यूट्यूब ४८०. मुलांनी मागच्यापेक्षा जास्तच पाहिलं, चांगला दीड तास.

गुहागरला पोचल्यावर डोंगलच्या पानावर एकूण आकडा: ९३० एमबी. अर्धा संपल्याचा मेसेज आला, नव्वद टक्क्यांचा आला नाही. त्यात टॅब ७०० च्या आसपास. नवऱ्याच्या फोनच्या फोटोंचे शून्य.

पण उरलेल्या दोनशेतीसमधले शंभर कुठे गेले ते सापडत नाहीये. तिन्ही फोनची बेरीज एकशेतीसच येते. लॅपटॉप बंद होता. कोणी सांगू शकेल?

वायरमन

डोंगलचा आकडा आणि फोनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण दहा टक्क्यांहून जास्त फरक मला जास्त वाटतो. जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिलीत? किती होती?

अनुजा_कोथरूड

पाच. तीन फोन, टॅब आणि एक अनोळखी. नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. कपाट उघडून पाहिलं, जुनं मोबाईल जागेवर आहे.

खडूस_आजोबा

थोरल्याचा खिसा?

अनुजा_कोथरूड

आजोबा, धाकट्याचा. आत्याने दिलेलं मनगटी घड्याळ, त्यात वायफाय असतं हे मला आज कळलं. पासवर्ड आजीने सांगितला म्हणे. नवीन पासवर्ड त्यांना पाठ आहे!